दोऱ्यातला कागद

पुठ्ठेकाकांनी सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं कायदे शिवले. शिवले म्हणजे दाभण घेऊन, मेण लावलेला दोरा ओवून, अगदी हाताने शिवले. आमदारांनी कायदे केले असतील, वकिलांनी ते वाचले असतील, पण कायद्याचं पान कणा सोडून गळून पडू नये याची काळजी वाहिली ती या सातवी पास माणसाने. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बोटांच्या पेरांना सरसाचा वास आहे आणि डोक्यात कलमं आहेत. फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, जुळवताना पान उलटं असो की सुलटं, ते वाचायचेच. साहेब लोक वाचत नाहीत ते आपण वाचतो, हा त्यांचा ताठा होता, आणि त्यांना तो शोभायचा.

बांधणीखात्यात एक जुनी रीत होती. खिडकीजवळच्या खिळ्याला जाड सुतळी टांगलेली असे. राजपत्रात छापलेल्या प्रत्येक अध्यादेशाची एक प्रत भोक पाडून त्या सुतळीत ओवायची. त्याला पुठ्ठा नाही, कापड नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. सभागृहांनी मंजूर केलेला कायदा मात्र थेट बांधणीला जायचा.

काका नवे असताना त्यांनी मुकादमाला विचारलं होतं, "दोन्ही छापलेलेच की. मग एकाला पुठ्ठा आणि दुसऱ्याला फाशी का?"

मुकादम तंबाखू मळत म्हणाला होता, "अरे, सभागृह बंद असतं तेव्हा सरकारला एखाद्या गोष्टीसाठी थांबवत नाही. मग मंत्रिमंडळ सांगतं, राज्यपाल सही करतात, की झाला अध्यादेश. सभागृहाने अजून तोंडही उघडलेलं नसतं. ते भरलं की हा कागद त्यांच्या टेबलावर ठेवायचा. त्यांनी त्याचा कायदा केला तर आपण पुठ्ठा घालायचा. नाही म्हणाले, किंवा सहा आठवडे नुसतेच गप्प बसले, तर सुतळीतून ओढून काढायचा."

"काढून काय करायचं?"

"अस्तर. पुठ्ठ्याच्या आतून चिकटवायला कागद लागतोच की."

तेव्हापासून काकांच्या मनात पक्कं बसलं होतं, की कायदा तो कायदा आणि अध्यादेश म्हणजे दोऱ्यातला कागद. पुढे जे रामायण घडलं ते याच समजुतीमुळे.

काकांची धाकटी बहीण पादचारी पुलाच्या जिन्याखाली बॅगा, छत्र्या आणि चेनी दुरुस्त करायची. सगळी गल्ली तिला चेनताई म्हणायची. नवरा गेला त्या वर्षी तिने ही टपरी टाकली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. काकांची बायको गेल्यावर दोघं भावंडं एकाच घरात राहायला आली, पण सकाळी नऊ वाजता ती कुलूप उघडायला गेली नाही असा दिवस काकांनी पाहिला नव्हता. एकदा ताप होता तरी गेली. "घरात पडून राहिले तर मी आजारी आहे हे मला कळेल," म्हणाली.

गल्लीत अशा सोळा टपऱ्या होत्या आणि सगळे दुरुस्तीवाले. घड्याळवाला, कुलूपवाला, मिक्सरवाला, रेडिओवाला. जगाने टाकून दिलेल्या वस्तू तिथे पुन्हा चालायला लागायच्या. या सोळा जणांची नावं प्रभाग कार्यालयाच्या यादीत होती. रस्त्यावर व्यवसाय करणाऱ्यांच्या कायद्याखाली मोजणी झाली तेव्हा ती चढली होती. तो कायदा सांगायचा, की हटवायचं असेल तर तीस दिवसांची लेखी नोटीस द्या, म्हणणं ऐकून घ्या, दुसरी जागा दाखवा आणि मग हात लावा. तो कायदा काकांनी स्वतः बांधला होता, हिरव्या कापडात. कणा जरा वाकडा गेला होता, ते त्यांना अजून खटकायचं.

तीन महिन्यांपूर्वी सभागृहं बंद असताना अध्यादेश निघाला. त्याने त्या कायद्यातलं नोटिशीचं कलम बदललं. तीस दिवसांऐवजी चोवीस तास. सुनावणी नाही, पर्यायी जागा नाही. टपरी, शेड, फळ्या ठोकून उभं केलेलं काहीही उचलता येईल. चौकातले फळवाले दुसऱ्याच आठवड्यात गेले. उचलगाडी शहराच्या त्या टोकापासून एकेक रस्ता साफ करत निघाली होती. जिन्याखालच्या गल्लीचा नंबर तेराव्या आठवड्यात लागला. सोमवारी दुपारी चार वाजता सोळा टपऱ्यांवर सोळा कागद चिकटले.

चेनताईने तो सोलून घरी आणला, कोपराही फाटू न देता.

"दादा, वाच. उद्या चारपर्यंत मुदत आहे. परवा सकाळी गाडी येणार."

काकांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि चक्क हसले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनी बहिणीपुढे धरलं. एका सोमवारी लाल गोल होता.

"हे बघ. या दिवशी सभागृह भरलं. पेपरात फोटो होता, मी त्याच सकाळी खूण केली. तिथून सहा आठवडे मोज. आज पुरे होतात. त्याचा कायदा अजून झालेला नाही, नुसतं विधेयक आहे. म्हणजे आज रात्री बारा वाजता हा कागद मेला. परवा गाडी येऊ दे, उद्या सकाळी मीच त्यांच्या तोंडावर मारतो."

"नक्की ना?"

"एकतीस वर्षं झक मारली का मी?"

तिने नोटीस पुन्हा एकदा वाचली. काकांना ते आवडलं नाही, पण झोप छान लागली.

मंगळवारी साडेदहाला काका प्रभाग कार्यालयात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत कॅलेंडर. मागून चेनताई आणि गल्लीचा म्होरक्या घड्याळवाला. आत फायलींचे गठ्ठे, गरगरणारा पंखा, आणि टेबलामागे मोठे बाबू. हे बाबू उभ्या माणसाकडे कधी बघत नाहीत. बसायलाही सांगत नाहीत.

"बाबू, तुमचा अध्यादेश संपला," काकांनी टेबलावर नोटीस ठेवली. "काल रात्री."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. सहा आठवडे झाले."

"सहा महिने, आजोबा. अध्यादेश सहा महिने चालतो. अजून तीन बाकी आहेत." बाबूंनी नोटीस एका बोटाने मागे सरकवली. "लहान पोरालाही माहीत आहे."

मग काय विचारता! काकांचा पारा एकदम छताला.

"कुठल्या कलमात लिहिलंय सहा महिने? दाखवा! सभागृहाची दोन अधिवेशनं सहा महिन्यांपेक्षा लांब ठेवता येत नाहीत, ती सहा महिन्यांची गोष्ट वेगळी! ती इथे आणून चिकटवलीत होय? सभागृह भरल्यापासून सहा आठवडे, बस्स! अहो, तुम्ही खुर्ची गरम करत होता तेव्हा मी कायदे बांधत होतो! अध्यादेश म्हणजे काय? दोऱ्यातला कागद! त्याला आम्ही पुठ्ठासुद्धा घालत नाही!"

सगळं कार्यालय थांबलं. घड्याळवाल्याने खूश होऊन मान डोलावली. आतल्या केबिनमधून प्रभाग अधिकारी बाई बाहेर आल्या. चाळिशीच्या असाव्यात, केसांत पेन खोचलेलं, डोळ्यांखाली जागरण. त्यांनी आरडाओरड ऐकली होती, आणि मुद्दाही ऐकला होता. हे दुसरं फार कमी लोकांना जमतं.

"विधी सहायकांना बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि यांना खुर्ची द्या."

विधी सहायक म्हणजे जाड भिंगाची, शांत मुलगी. तिने सगळं ऐकलं, आत जाऊन एक पुस्तक आणि दोन राजपत्रं घेऊन आली, आणि पानावर बोट ठेवलं.

"मोठे बाबू, काका म्हणतात ते बरोबर आहे. सहा महिने असं कुठे नाही. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे."

काकांची छाती शर्टाच्या बटणांना ताण देऊ लागली.

"पण काका," मुलगी पुढे म्हणाली, "आपल्याकडे सभागृहं दोन आहेत. खालचं भरलं त्या सोमवारी. वरच्या सभागृहाच्या छताचं काम चाललं होतं, म्हणून त्याला बोलावलं पुढच्या मंगळवारी. हे बघा, दोन्ही अधिसूचना. दोन तारखा वेगळ्या असल्या तर सहा आठवडे नंतरच्या तारखेपासून मोजायचे. खाली लिहिलंय, स्पष्टीकरणात."

काकांनी पुस्तक ओढून घेतलं. स्पष्टीकरण. बारीक टाइपातलं. वरच्या सभागृहाच्या बातम्या पेपरवाले शेवटून दुसऱ्या पानावर टाकतात, आणि काका पेपर पुढून वाचतात. त्यांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, मग ओठ हलवत तिसऱ्यांदा.

"म्हणजे... येत्या मंगळवारपर्यंत?"

"मंगळवार संपेपर्यंत. आणि तोवर त्याची ताकद कायद्याइतकीच. दोऱ्यातला असला तरी."

"आणि आधीच उचललेल्या टपऱ्या? मंगळवारनंतर परत मिळतात?" हे चेनताईने विचारलं. आल्यापासून तिचं हे पहिलंच वाक्य.

"आपोआप नाही मिळत. तो जिवंत असताना त्याच्याखाली केलेलं काम पुसायचं की नाही, हे कोर्ट बघतं. वर्षं जातात त्यात."

अधिकारी बाई काकांकडे वळल्या. "काका, मला वरून आदेश आहे. आज कायदा हा आहे आणि मला तो पाळावा लागतो. उद्या अकराला गाडी येईल. बुधवारी, म्हणजे त्याच्या पुढच्या बुधवारी, कायदा दुसरा असला तर मी तोही पाळीन. याहून जास्त मी बोलू शकत नाही."

मोठे बाबू हळूच म्हणाले, "सहा महिने नाही, तर सहा आठवडेही नाहीत," आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. काकांनी नोटिशीची घडी करून पिशवीत टाकली.

जिना उतरताना घड्याळवाला धुसफुसत होता. "काका, तुमच्या भरवशावर राहिलो आम्ही. कालच काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस?" चेनताई उसळली. "काल नोटीस चारला आली. तुझ्या दुकानातल्या एका घड्याळात तरी चार वाजतात का वेळेवर?"

तिने बाजू घेतली खरी, पण काका मान खाली घालून उतरत होते. कागदाला क्षुद्र समजलो, म्हणून कागदाने दात दाखवले. उद्या बहिणीची एकोणीस वर्षं लोखंडी पंजात चिरडली जाणार, आणि काल रात्री आपण खुशाल झोपलो होतो.

घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. चेनताईने चहा पुढे ठेवला.

"दादा, एक सांग. त्या अध्यादेशात काय उचलायला सांगितलंय? शब्दन् शब्द सांग."

"टपरी, शेड, फळ्या ठोकून उभं केलेलं काहीही."

"माणूस?"

"माणूस कसा असेल?"

"स्टूल? हातातली पिशवी?"

"उभं केलेलं नाही ते. ठेवलेलं आहे." काकांनी मान वर केली.

"आणि आपलं नाव यादीत आहे ते? टपरी नसली तर ते जातं का?"

काका उठले, कपाटातून जुना हिरवा कायदा काढला. छापखान्यातली रद्द झालेली प्रत होती ती, कणा वाकडा असलेली. यादीचं कलम काढलं, शेजारी राजपत्रातली अध्यादेशाची प्रत ठेवली. दहा मिनिटं घरात फक्त पानांचा आवाज होता.

"यादीच्या कलमाला त्यांनी हात लावलेला नाही. फक्त नोटिशीचं कलम बदललंय. सुनावणी घेतल्याशिवाय नाव काढता येत नाही."

"झालं तर मग." चेनताईने ट्रंकेतून मोठा स्क्रू ड्रायव्हर काढला. "त्यांना तोडायला काही ठेवायचंच नाही. आपली टपरी आपणच उचलायची. आठ दिवस स्टुलावर बसून काम करीन मी. सुई-दोऱ्याला छप्पर कशाला लागतं?"

काकांनी हिरवा कायदा मिटला. एकतीस वर्षं कायदा त्यांनी वाचला होता. पण कायद्याला नेमकी कुठली वस्तू दिसते आणि कुठली दिसत नाही, हे या बाईने चहा गाळता गाळता ओळखलं होतं.

दुपारी तीनपासून गल्लीत स्क्रू निघायला लागले. आधी कुरकुर झाली. आपल्या हाताने आपलं घर मोडायचं कोणाला आवडतं? मिक्सरवाला म्हणाला, "हे तर त्यांचंच काम आपण फुकट करतोय." चेनताई म्हणाली, "बरोबर. पण आपण स्क्रू काढतो, ते कणा मोडतात. तुला काय हवं ते ठरव, आणि ती फळी धर."

खरी पंचाईत दुसरीच होती. सोळा टपऱ्यांच्या फळ्या, पत्रे, बिजागऱ्या एकत्र झाल्या तर पुन्हा जुळणार कशा? तिथे काका कामाला आले. खिशातून खडू काढून ते प्रत्येक तुकड्यावर आकडा घालत गेले. टपरी तीन, फळी एक. टपरी तीन, फळी दोन. पुस्तकाच्या फर्म्यांना घालतात तसा. स्क्रू कागदाच्या पुड्यांत, पुडीवर तोच आकडा. ओळ लावायला लागल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. सहाच्या सुमारास सगळं सामान जवळच्या गोदामात गेलं. गोदामवाल्याची बंद पडलेली शटरची मोटर मिक्सरवाल्याने तिथल्या तिथे चालू करून दिली, आणि जागेचा प्रश्न मिटला.

बुधवारी अकराला उचलगाडी आली. मागे दहा माणसं, पुढे शिट्टीवाला सुपरवायझर. गल्लीत सोळा स्टुलं, सोळा माणसं, मांडीवर कामं.

"टपऱ्या कुठायत?"

"कुठल्या टपऱ्या?" चेनताईने दातांनी दोरा तोडला.

"नोटीस लावलेल्या!"

"तुम्हीच म्हणालात काढा. काढल्या. शहाण्यासारखं वागलं की तुम्हाला त्रास होतो का हो?"

सुपरवायझरने फोन लावला. "मॅडम, इथे फक्त माणसं आहेत... हो, बसलेत... नाही, उभं काहीच नाही... माणसं उचलायचं कागदात नाही ना?" त्याने फोन खिशात टाकला आणि जरा घुटमळला. मग खांद्यावरची बॅग काढली. "ताई, ही चेन अडकते. होईल का?"

"बसा. दोन मिनिटं."

चेन झाली, गाडी गेली. गल्लीतले लोक इतके हसले, की पुलावरचे येणारे-जाणारे कठड्यावरून वाकून बघायला लागले.

पण हसणं तेवढ्यापुरतंच. काकांना आता दुसरी धास्ती होती. विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालंच होतं. वरच्या सभागृहाने ते मंजूर केलं आणि राज्यपालांची सही झाली, तर चोवीस तासांचं कलम कायमचं होणार. मग दोरा नाही, पुठ्ठा. मग स्टुलावर किती दिवस बसणार?

कामकाजपत्रिकेत विधेयक सोमवारी नवव्या क्रमांकावर होतं. छापखान्यातला जुना सोबती राजपत्राचे गठ्ठे विधिमंडळात पोचवायचा. त्याने एका सदस्याकडून गॅलरीचा पास मिळवून दिला. सोमवारी काका जाऊन बसले. चौथ्याच विषयावर सभागृह एवढं तापलं, की संध्याकाळ झाली आणि नववा आलाच नाही.

मंगळवारी पुन्हा. शेवटचा दिवस. बहीण म्हणाली, "मी येत नाही. मला तिथे बसून काय कळणार? इथे निदान हात चालतील." पण त्या दिवशी तिने एका छत्रीला दोनदा उलटी काडी बसवली, असं घड्याळवाल्याने नंतर सांगितलं.

साडेतीनला विधेयक आलं. मंत्र्यांनी ते मांडलं आणि घाई का आहे ते सांगितलं. मग मागच्या बाकावरच्या एक वयस्कर सदस्या उठल्या. बेताचा आवाज.

"घाई होती म्हणून अध्यादेश काढलात, ठीक. तेव्हा आम्ही नव्हतो. आता आम्ही समोर बसलो आहोत. चोवीस तासांत माणूस भाड्याची खोलीसुद्धा रिकामी करू शकत नाही. ज्यांना हटवणार त्यातल्या एकाला तरी कोणी विचारलंय का? हे विधेयक समितीकडे पाठवावं. समितीने लोकांना बोलवावं, ऐकावं, मग आमच्याकडे यावं."

चर्चा तासभर चालली. काका कठडा धरून बसले होते. सरसाने कडक झालेली बोटं आणखी कडक झाली होती. मत घेतलं. होयवाले, नाहीवाले. आवाजावरून काही कळेना, तेव्हा माणसं मोजली. सात मतांच्या फरकाने विधेयक समितीकडे गेलं. अहवाल पुढच्या अधिवेशनात, म्हणजे आज कायदा होणं नाही. सहा वाजता सभापती उठले आणि अधिवेशन संपलं.

गॅलरीत टाळ्या वाजवायला मनाई आहे. काकांनी टाळी वाजवली नाही. पण जिन्यात आल्यावर पायरीवर बसून ते एवढा मोठा श्वास सोडते झाले, की पहारेकऱ्याने विचारलं, "आजोबा, पाणी हवंय का?"

"नको रे. आठ दिवसांचा साठला होता."

बुधवारी सकाळी तिघं पुन्हा प्रभाग कार्यालयात. या वेळी काकांनी आवाज चढवला नाही. दोन ओळींचा अर्ज पुढे केला. आजच्या तारखेला आमच्या गल्लीला कोणतं कलम लागू आहे, ते लेखी कळवावं.

विधी सहायक मुलीने अर्ज वाचला आणि पहिल्यांदाच हसली. "काका, या वेळी मोजणी बरोबर आहे."

"तीनदा मोजली. दोन्ही सभागृहांची."

अधिकारी बाईंनी केसांतलं पेन काढलं आणि अर्जाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं. अध्यादेश काल संपुष्टात आला. मूळ अधिनियमाचं कलम पूर्ववत लागू. तीस दिवसांची नोटीस, सुनावणी आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय कारवाई करू नये. मग सही ठोकली. त्यांच्याही खांद्यावरचं काहीतरी उतरलं, असं चेनताईला वाटलं.

"पुन्हा काढला तर, बाई?" घड्याळवाल्याने विचारलं. "सभागृह तर आता बंद झालं."

"काढायचा प्रयत्न करतीलही. पण सभागृहाने ज्याचा कायदा केला नाही तेच पुन्हा अध्यादेशाने आणलं, की कोर्ट कान धरतं. आणि समितीकडे गेलेल्या गोष्टीत घाई दाखवणं सोपं नसतं."

बाहेर पडताना मोठे बाबू फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "काय हो, ते सहा आठवड्यांचं कलम कुठलं म्हणालात? लिहून द्या. इथे सगळेच सहा महिने म्हणतात."

काकांनी लिहून दिलं. खाली स्पष्टीकरणाचीही ओळ लिहिली, आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली.

दुपारी गोदाम उघडलं आणि सोळा टपऱ्या आकड्यांप्रमाणे उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत फक्त एक फळी उरली, टपरी चौदा, फळी तीन. चौदावा, म्हणजे रेडिओवाला म्हणाला, "ही माझी नाहीच." मग आठवलं, ती त्याने आतल्या मांडणीला लावली होती आणि पाच वर्षांत त्याचा हात तिथे पोचलाच नव्हता.

चेनताईने आपल्या टपरीचं दार तीन वेळा उघडून बंद केलं. कुरकुरलं नाही.

"दादा, पण ती समिती? तिने शेवटी हो म्हटलं तर?"

"तर कायदा होईल. पण त्याआधी ते लोकांना बोलावतील. तू जाशील, बोलशील, ते लिहून घ्यावं लागेल. भांडता येईल, बदल सुचवता येईल. अध्यादेशाच्या वेळी दार बंद होतं. सही झाली तेव्हाच आपल्याला कळलं. फरक तेवढाच. पण केवढा!"

"मी बोलेन?"

"त्या दिवशी सुपरवायझरशी बोललीस तेवढं जमलं तरी समिती आडवी होईल."

तेवढ्यात छापखान्यातला सोबती सायकलवरून आला. त्याने पिशवीतून मधोमध भोक असलेला कागद काढला. "काका, आज सुतळीतून ओढला. अस्तराला टाकणार होतो, म्हटलं तुम्हाला दाखवावा."

काकांनी कागद हातात घेतला. पूर्वी घेतला असता तसा नाही, जरा जपून. आठ दिवस या चार पानांनी त्यांची झोप पळवली होती.

"फ्रेम करून लावू का?" घड्याळवाला म्हणाला.

"आण इकडे," चेनताई म्हणाली. तिने कागदाच्या चार घड्या घातल्या, बांधणीवाले हाडाच्या पट्टीने दाबतात तशा नखाने दाबल्या, आणि वाकून टपरीच्या डुगडुगत्या पायाखाली सारल्या. मग वर हात टेकून पाहिलं.

टपरी हलली नाही. तिने स्टूल आत ओढलं आणि ओरडली, "कोणाची ती तुटकी छत्री? द्या आता."